निळी पट्टी पिवळी करताना: लोअर थर्ड टेम्प्लेटमधले ब्रँडचे रंग एका जागेवरून कसे बदलायचे

मुलाखतीच्या व्हिडिओत माणूस बोलायला लागला की खालच्या बाजूला एक पट्टी सरकत येते. तिच्यावर त्याचं नाव, त्याखाली हुद्दा, कडेला एखादी रंगीत रेघ. चार-पाच सेकंदांत ती आल्या वाटेने निघूनही जाते. एडिटिंगमध्ये तिला लोअर थर्ड म्हणतात आणि बहुतेक वेळा ती तयार टेम्प्लेटमधून येते. एडिटरने नाव आणि हुद्दा टाइप करायचा, हालचाल आपोआप होते. अडचण येते ती संस्था आपले ब्रँडचे रंग बदलते तेव्हा. "बाकी सगळं तसंच ठेवा, फक्त रंग बदला," असा निरोप येतो आणि तोवर मालिकेच्या सहा भागांत मिळून शंभरेक पट्ट्या टाइमलाइनवर बसलेल्या असतात.

हे "फक्त" नेमकं किती मोठं आहे ते एकच उदाहरण शेवटपर्यंत नेऊन पाहू. एडिटिंग प्रीमिअर प्रोमध्ये चाललं आहे आणि टेम्प्लेट आफ्टर इफेक्ट्समध्ये बनवलेलं आहे, म्हणजे `.mogrt` फाइल. पट्टीचा जुना रंग गडद निळा, हेक्स कोड `0B3D91`. नवा रंग पिवळा, `F2B705`. अक्षरं पांढरी. ही जोडी मुद्दाम घेतली आहे. निळ्याचा गडद हिरवा करताना ज्या चुका झाकून जातात, त्या सगळ्या निळ्याचा पिवळा करताना उघड्या पडतात.

आधी पट्टीत कोणता रंग काय करतो ते पाहा

पट्टी पूर्ण आली आहे अशा फ्रेमवर थांबलं तर रंग दोनच दिसतात, निळा आणि पांढरा. पण आत काम करणारे रंग त्याहून जास्त असतात. मुख्य पट्टीची पार्श्वभूमी निळी आहे. कडेची बारीक रेघ जरा उजळ निळी आहे. नाव पांढरं आहे, हुद्दा किंचित करडा. पट्टी आत येताना तिच्यापुढे एक उजळ निळा पट्टा सर्रकन जातो, तो जेमतेम सात-आठ फ्रेम दिसतो. शिवाय पट्टीखालची सावली काळी वाटते, पण नीट पाहिलं तर ती गडद निळी आहे.

थांबलेल्या फ्रेमवरून रंग बदलणाऱ्याच्या हातून नेमका तो सरकता पट्टा आणि ती सावली सुटतात. मग पिवळी पट्टी येण्याआधी क्षणभर निळं काहीतरी चमकून जातं. बघणाऱ्याला काय खटकलं ते सांगता येत नाही, पण खटकतं हे नक्की. म्हणून पट्टी आत येतानाचे आणि बाहेर जातानाचे फ्रेम बाणाच्या कीने एक-एक करून पाहावेत आणि दिसेल तो रंग कागदावर लिहावा. समोर त्याचं काम लिहावं: पार्श्वभूमी, रेघ, नाव, हुद्दा, सरकता पट्टा, सावली. पुढची सगळी जुळणी या यादीवर होते.

सगळे रंग एका लेयरवर आणणं

ज्यांच्याकडे मूळ आफ्टर इफेक्ट्स प्रोजेक्ट नाही, फक्त `.mogrt` आहे, त्यांनी हिरमुसायचं कारण नाही. आफ्टर इफेक्ट्समध्ये बनवलेली `.mogrt` फाइल आफ्टर इफेक्ट्समध्येच प्रोजेक्टसारखी उघडता येते. प्रोग्रॅम ती एका फोल्डरमध्ये मोकळी करून देतो. प्रीमिअरमध्येच बनवलेलं टेम्प्लेट मात्र असं उघडत नाही. त्याचे थर तसेही टाइमलाइनवर थेट बदलता येतात.

प्रोजेक्ट उघडला की मुख्य कॉम्पमध्ये एक नल लेयर, म्हणजे चित्रात न दिसणारा रिकामा लेयर, घ्या, त्याला `CTRL` असं नाव द्या आणि त्यावर `Color Control` हा इफेक्ट हवा तितक्या वेळा लावा. आपल्या यादीत कामं सहा असली तरी कंट्रोल तीन पुरतात: `Panel`, `Accent` आणि `Text`. सरकता पट्टा `Accent`वरून रंग घेईल, हुद्दा `Text`चाच रंग कमी ओपॅसिटीने वापरेल आणि सावली सरळ काळी करून टाकता येईल. कंट्रोल जितके कमी तितकं बरं. एडिटरसमोर नऊ रंगांचे चौकोन ठेवले तर तो चार बदलतो आणि पाच विसरतो.

आता प्रत्येक थराचा रंग या कंट्रोलला बांधायचा. शेपच्या फिलमधल्या `Color`वर एक्स्प्रेशन, म्हणजे किंमत ठरवणारी कोडची छोटी ओळ, लावा:

```
thisComp.layer("CTRL").effect("Panel")(1)
```

शेवटी `("Color")` न लिहिता `(1)` लिहिलं आहे, त्याला कारण आहे. प्रॉपर्टीचं नाव आफ्टर इफेक्ट्सच्या भाषेप्रमाणे बदलतं, तिचा क्रमांक बदलत नाही. दुसऱ्या भाषेतल्या आवृत्तीवर काम करणाऱ्याकडे टेम्प्लेट गेलं तरी ते तुटत नाही. थर प्रीकॉम्पच्या, म्हणजे मुख्य कॉम्पमध्ये बसवलेल्या दुसऱ्या कॉम्पच्या, आत असेल तर `thisComp`ऐवजी `comp("…")` लिहून मुख्य कॉम्पचं नाव द्यावं लागतं.

रंगाला की-फ्रेम लावलेल्या असतील तर त्या शोधून काढाव्या लागतात, कारण की-फ्रेममध्ये रंग कोरून ठेवलेला असतो. `CTRL`वर काहीही बदललं तरी तिथला निळा निळाच राहतो. पट्टी आधी रेघेच्या रंगाची असते आणि अर्ध्या सेकंदात मुख्य रंगाची होते, असं डिझाइन असेल तर की-फ्रेम काढून तोच बदल एक्स्प्रेशनने घडवता येतो:

```
const L = thisComp.layer("CTRL");
const a = L.effect("Accent")(1).value;
const b = L.effect("Panel")(1).value;
linear(time, 0, 0.5, a, b)
```

आता दोन्ही टोकांचे रंग कंट्रोलवरून येतात आणि हालचाल तीच राहते.

खरा अडसर ग्रेडियंटचा आहे. शेप लेयरला ग्रेडियंट फिल दिलेला असेल तर त्याच्या रंगांच्या प्रॉपर्टीला एक्स्प्रेशनने कंट्रोल जोडता येत नाही. पुष्कळ तयार टेम्प्लेटांत पट्टी पुरती पिवळी होते आणि तिची एक कड निळसरच राहते, ती याच कारणाने. त्यावर उपाय म्हणजे फिल साधा ठेवायचा आणि त्याच लेयरवर `Gradient Ramp` हा इफेक्ट लावायचा. त्याचे `Start Color` आणि `End Color` हे साधे रंग आहेत, म्हणून ते बांधता येतात. सॉलिड लेयरची गत थोडीफार अशीच. सॉलिडचा स्वतःचा रंग सेटिंगमध्ये असतो, त्याला एक्स्प्रेशन लावता येत नाही. वर `Fill` इफेक्ट लावला की काम होतं. लोगो जर पीएनजी असेल तर त्याला यातलं काहीच लागू नाही. नव्या रंगातली लोगोची फाइलच मागून घ्यावी. `Fill` लावून लोगो एकरंगी करणं बहुतेक ब्रँडच्या नियमांत बसत नाही.

सगळं बांधून झालं की `CTRL`चे तिन्ही रंग ओळीने भडक गुलाबी, भडक हिरवा आणि केशरी करून पाहा आणि पट्टी फ्रेम-फ्रेमने चालवा. कुठेही निळं दिसलं तर तो थर सुटला आहे. ही परीक्षा मला फार भरवशाची वाटते, कारण ती नजरेच्या तेजावर अवलंबून नाही. थेट पिवळा लावून पाहिलं तर उरलेला फिका निळा डोळ्यांतून निसटतो, गुलाबीच्या शेजारी तो लपू शकत नाही.

पिवळ्यावर पांढरी अक्षरं

इथवरचं काम बिनचूक झालं तरी पट्टी वाचता येईलच असं नाही. अक्षर आणि त्यामागचा रंग यांच्यातला उजळपणाचा फरक मोजायचं एक गुणोत्तर आहे. वेबच्या सुलभतेसाठीच्या डब्ल्यूसीएजी नियमावलीत साध्या मजकुराला ते किमान ४.५ आणि मोठ्या मजकुराला ३ असावं असं सांगितलं आहे. व्हिडिओला ते बंधनकारक आहे म्हणून नव्हे, तर मोजपट्टी चांगली आहे म्हणून ती वापरावी.

आपल्या उदाहरणात जुन्या निळ्यावर पांढरी अक्षरं असताना हे गुणोत्तर सुमारे १० होतं. नव्या पिवळ्यावर तीच पांढरी अक्षरं ठेवली तर ते सुमारे १.८ होतं. मोबाइलवर, उन्हात, चार सेकंदांत कुणालाही नाव वाचता येणार नाही. तिथे `1A1A1A` हा जवळजवळ काळा रंग घेतला तर गुणोत्तर साडेनऊच्या आसपास जातं. म्हणजे निरोप पट्टीचा रंग बदलण्याचा होता, पण अक्षरांचा रंग बदलणं त्यातच आलं. `Text` हा वेगळा कंट्रोल ठेवला तो यासाठीच.

एकच टेम्प्लेट अनेक ब्रँडसाठी वापरलं जात असेल तर हा निर्णय एडिटरवर न सोडता टेम्प्लेटवरच सोपवता येतो. अशा वेळी `Text` कंट्रोल काढून टाका, अक्षरांच्या लेयरवर `Fill` इफेक्ट लावा आणि त्याच्या रंगावर हे लिहा:

```
const c = thisComp.layer("CTRL").effect("Panel")(1).value;
const y = 0.2126*c[0] + 0.7152*c[1] + 0.0722*c[2];
y > 0.5 ? hexToRgb("1A1A1A") : hexToRgb("FFFFFF")
```

आफ्टर इफेक्ट्समध्ये लाल, हिरवा, निळा हे घटक ० ते १ या मापात मिळतात. डोळ्याला हिरवा सर्वांत उजळ वाटतो आणि निळा सर्वांत मंद, म्हणून तिघांना वेगवेगळं वजन दिलं आहे. आपल्या निळ्यासाठी `y` साधारण ०.२२ येतो आणि पिवळ्यासाठी ०.७२, म्हणून एकावर पांढरी आणि दुसऱ्यावर काळी अक्षरं आपोआप येतात. हा हिशेब ढोबळ आहे. मधल्या उजळपणाच्या रंगांवर, म्हणजे `y` अर्ध्याच्या आसपास असेल तिथे, दोन्ही पर्याय एकदा डोळ्यांनी पाहूनच ठरवावं.

पट्टी अर्धपारदर्शक असेल तर आणखी एक गोष्ट बदलते. गडद निळी पट्टी ८० टक्के ओपॅसिटीवर कुठेही चांगली दिसायची, कारण मागे अंधार असला तरी ती थोडी अधिक गडद व्हायची, इतकंच. पिवळ्याचं तसं नाही. साधं मिश्रण धरलं तर `141414` इतक्या काळ्या दृश्यावर ८० टक्के `F2B705` ठेवल्यावर डोळ्यांना `C69608` दिसतो, आणि तो चक्क मातकट आहे. शिवाय प्रीमिअरच्या सिक्वेन्स सेटिंगमध्ये `Composite in Linear Color` चालू असेल तर हेच मिश्रण वेगळ्या गणिताने होतं आणि आफ्टर इफेक्ट्समध्ये पाहिलेली पट्टी प्रीमिअरमध्ये जराशी निराळी दिसते. उजळ ब्रँड-रंग असेल तर पार्श्वभूमी सरळ १०० टक्के करावी, असं माझं मत आहे. पारदर्शकपणा हवाच असेल तर तो काळ्या किंवा पांढऱ्या पट्टीला द्यावा आणि ब्रँडचा रंग कडेच्या रेघेत ठेवावा. ती रेघ मात्र फार बारीक नको. एच.२६४मध्ये व्हिडिओ बाहेर काढताना रंगाची माहिती सहसा आडव्या आणि उभ्या दोन्ही दिशांना निम्मीच साठवली जाते, त्यामुळे एक-दोन पिक्सेलच्या गडद रंगाच्या रेघेचा रंग फिकट आणि पुसट होतो.

टाइमलाइनवरच्या शंभर पट्ट्या

आता नवं टेम्प्लेट एक्स्पोर्ट करून प्रीमिअरमध्ये आणायचं. टाइमलाइनवर ठेवलेली प्रत्येक पट्टी आपले रंग आणि आपलं नाव स्वतःजवळ बाळगते. एका पट्टीचा रंग बदलला म्हणून शेजारची बदलत नाही. म्हणून एकेक पट्टी निवडून चौकोनात पिवळा भरण्यापेक्षा टेम्प्लेटच बदलून टाकायचं असतं. टेम्प्लेट्सच्या पॅनलमधून नवी फाइल उचलायची, Alt दाबून धरायचं, मॅकवर Option, आणि ती जुन्या पट्टीवर सोडायची. प्रोजेक्टमधल्या त्या टेम्प्लेटच्या सगळ्या पट्ट्या बदलू का, असं प्रीमिअर विचारतं. होकार दिला की हालचाल आणि डिझाइन नव्या फाइलचं येतं.

या अदलाबदलीत ज्या कंट्रोलचं नाव आणि प्रकार दोन्ही जुळतात, त्यांच्या भरलेल्या किमती नव्या टेम्प्लेटमध्ये चालत येतात. शंभर माणसांची नावं पुन्हा टाइप करावी लागत नाहीत, ती याच्याच जोरावर. म्हणून नावाच्या आणि हुद्द्याच्या मजकुराच्या कंट्रोलला नव्या टेम्प्लेटमध्ये हात लावू नका. जुन्या टेम्प्लेटमध्ये त्यांचं नाव `Name` आणि `Title` असेल तर अक्षर न अक्षर तेच ठेवा. पण हाच नियम रंगाच्या बाबतीत उलटा उभा राहतो. जुन्यात `Main Color` होता आणि नव्यातही `Main Color` ठेवला, तर जुना निळाही त्याच वाटेने चालत येतो. सगळं व्यवस्थित करूनही पट्ट्या निळ्याच दिसतात आणि टेम्प्लेट बदललंच नाही असं वाटतं. रंगाच्या कंट्रोलचं नाव म्हणूनच मुद्दाम बदलायचं: जुनं `Main Color`, नवं `Panel`. नाव जुळत नाही, जुनी किंमत मागे पडते आणि नव्या टेम्प्लेटमधला ठरीव पिवळा लागू होतो.

हे सगळं आधी प्रोजेक्टच्या प्रतीवर करा आणि अदलाबदल झाल्यावर तीन प्रकारच्या पट्ट्या उघडून पाहा. पहिली साधी, जिच्यात फक्त मजकूर भरला होता. दुसरी, जिचा रंग कुणीतरी कधीतरी हाताने बदलला होता. तिसरी सर्वांत लांब नावाची, कारण पट्टीची रुंदी मजकुराप्रमाणे वाढत असेल तर तिथलं एक्स्प्रेशन तुटल्याचं तिथेच कळतं. हे तीन ठीक असतील तर उरलेल्यांत सहसा धोका नसतो.

एकाहून अधिक ब्रँडसाठी काम करणाऱ्यांना रंगांच्या चौकोनांऐवजी एक यादी देता येते. `CTRL`वर `Dropdown Menu Control` लावायचा, त्याला `Brand` असं नाव द्यायचं, त्यात ब्रँडची नावं लिहायची आणि `Panel`च्या रंगावर हे एक्स्प्रेशन ठेवायचं:

```
const n = effect("Brand")(1).value;
const list = ["0B3D91", "F2B705", "1F6F54"];
hexToRgb(list[n - 1])
```

या यादीची मोजणी १ पासून होते, म्हणून एक वजा केला आहे. एडिटर हेक्स कोड टाइपच करत नाही, त्यामुळे एखादा आकडा चुकण्याचा प्रश्न उरत नाही. काळजी एकच घ्यायची. टाइमलाइनवरची पट्टी ब्रँडचं नाव लक्षात ठेवत नाही, त्याचा क्रमांक लक्षात ठेवते. पुढे चौथा ब्रँड आला तर तो यादीच्या शेवटीच जोडायचा. तो मध्ये घुसवला तर नवं टेम्प्लेट लावल्यावर जुन्या भागांतल्या पट्ट्या शेजारच्या ब्रँडच्या रंगात रंगतील.

टेम्प्लेट उघडताच येत नसेल तर

आफ्टर इफेक्ट्स हाताशी नाही आणि टेम्प्लेटमध्ये रंगाचा कंट्रोल नाही, अशी वेळ आली तर प्रीमिअरमध्येच पट्टीच्या क्लिपवर रंग बदलणारा इफेक्ट लावता येतो, जसा `Change to Color`. तो वर अॅडजस्टमेंट लेयर टाकून लावायचा नाही, कारण मग मागच्या माणसाचा निळा शर्टही पिवळा होईल. निळ्याचा जांभळा किंवा गडद हिरवा करायला ही युक्ती बरी चालते. आपल्या उदाहरणात तिची अडचण होते. रंगाची छटा फिरवली तरी उजळपणा जुन्याच निळ्याचा राहतो आणि तितका गडद पिवळा म्हणजे तपकिरी. उजळपणाही ओढून वर नेला तर अक्षरांच्या कडांना निळसर किनार उरते. अशा वेळी पट्टी प्रीमिअरमध्येच नव्याने बांधणं कमी वेळाचं आणि स्वच्छ काम आहे.

रंग बरोबर लागला का, ते कसं ओळखायचं

रंग भरताना लोगोच्या जेपीजीवरून किंवा चालू व्हिडिओवरून आयड्रॉपरने उचलू नका. दाबलेल्या चित्रात एकाच पिवळ्याचे शेजारी-शेजारी चार जवळचे पिवळे असतात आणि आपण त्यातला कुठला उचलला ते कळत नाही. ब्रँडच्या कागदावरचा हेक्स कोड टाइप करा. त्या कागदावर फक्त छपाईचे सीएमवायके आकडे असतील तर स्वतः रूपांतर न करता पडद्यासाठीचा कोड मागून घ्या, कारण त्या रूपांतराचं उत्तर कोणतं प्रोफाइल वापरलं त्यावर बदलतं.

तपासणीसाठी पट्टी पूर्ण आली आहे अशी एक फ्रेम प्रीमिअरमधून पीएनजी म्हणून काढा आणि फोटोच्या प्रोग्रॅममध्ये उघडून पट्टीच्या मध्यावर रंग मोजा. पार्श्वभूमी १०० टक्के असेल आणि सिक्वेन्स नेहमीच्या रेक. ७०९ मध्ये असेल तर `F2B705` किंवा त्याच्या एक-दोन अंकांच्या आत काहीतरी मिळायला हवं. एच.२६४ फाइलमधून मोजलं तर आणखी काही अंकांचा फरक पडतो, तो चालण्यासारखा आहे. फरक डोळ्यांना दिसण्याइतका असेल तर टेम्प्लेटवर संशय घेण्याआधी आफ्टर इफेक्ट्स प्रोजेक्टची वर्किंग स्पेस, पट्टीची ओपॅसिटी आणि सिक्वेन्सची कलर सेटिंग या क्रमाने पाहा. पीएनजीतला आकडा बरोबर आहे पण प्रीमिअरच्या खिडकीत रंग निराळा वाटतो, असं असेल तर प्रश्न मॉनिटरवर दाखवण्याचा आहे. प्रीमिअरच्या पसंतींमध्ये डिस्प्ले कलर मॅनेजमेंटचा जो चौकोन आहे, तो चालू-बंद केल्याने बाहेर पडणाऱ्या फाइलमध्ये काहीच बदलत नाही. त्यामुळे तिथे रंग फिका वाटला म्हणून टेम्प्लेटमधला पिवळा आणखी गडद करू नये.